प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये आकडे लाखात आणि ₹ सकट कसे दाखवायचे (मूळ आकडा न बदलता)

कागल तालुक्यातल्या आमच्या एका वहिनींना कांदा-लसूण मसाल्याचा युनिट टाकायचाय, त्यासाठी पीएमईजीपी या सरकारी कर्ज-अनुदान योजनेचा अर्ज करायचा होता आणि त्याला जोडायचा प्रोजेक्ट रिपोर्ट त्यांच्या मुलानं एक्सेलमध्ये बनवलेला. मशिनरीच्या रकमेला त्यानं कॉमाचं बटण दाबलं तर 685,000.00 असं आलं, म्हणजे तीन-तीन आकड्यांचे गट. वहिनी म्हणाल्या, "हे सहा लाख हाय का साठ लाख, मला तर कळंना." आणि खरंच, लाख-कोटीत वाचणाऱ्या माणसाची नजर तिथं अडकतेच. मग पोरानं काय केलं, सगळे आकडे पुसून हातानं ₹ आणि कॉमा टाकून लिहिले, आणि खालची बेरीज झाली शून्य!

आधी अर्जाचं थोडक्यात सांगते, म्हणजे फाईलमध्ये कुठले आकडे येतात ते कळेल. 2022 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वय 18 च्या वर पाहिजे, युनिट नवीन पाहिजे, उत्पादनाचा प्रोजेक्ट 10 लाखाच्या वर असेल तर आठवी पास पाहिजे, आणि उत्पादनासाठी मर्यादा 50 लाख. कागदपत्रांत आधार, शिक्षणाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, गावातला युनिट असेल तर ग्रामीण भागाचा दाखला, आणि हा प्रोजेक्ट रिपोर्ट. महिला विशेष प्रवर्गात येतात, त्यामुळं स्वतःचा हिस्सा 5 टक्के आणि ग्रामीण भागात अनुदान 35 टक्के. वहिनींचा हिशोब असा बसला: शेड 310000, मशिनरी 685000, खेळतं भांडवल 250000, एकूण 1245000. त्यातला स्वतःचा हिस्सा 62250, बँकेचं कर्ज 1182750, अनुदान 435750. हेच आकडे आपण नीट दाखवणार आहोत.

आता फॉरमॅटची पात्रता म्हणाल तर एकच अट, सेलमध्ये खरा आकडा पाहिजे, आकड्यासारखं दिसणारं अक्षर नको. वहिनींच्या फाईलमध्ये बेरीज शून्य का आली, तर ₹ हातानं टाईप केलेल्या सेलला त्या कॉम्प्युटरवरच्या एक्सेलनं मजकूर धरलं, आणि SUM मजकूर सोडून देतो. ओळखायचं कसं, रक्कम B2 मध्ये असेल तर शेजारच्या सेलमध्ये हे टाका:

```
=ISNUMBER(B2)
```

TRUE आलं तर पात्र. FALSE आलं तर तो कॉलम सिलेक्ट करून आधी सेलचा प्रकार General करा, मग Ctrl+H नं कॉमा, ₹ आणि मधली स्पेस एकेक करून रिकामी करा, आकडे परत आकडे होतात. (TEXT फंक्शननं रुपये दाखवायची सवय असेल तर तीही सोडा, ते पण मजकूरच बनवतं.)

मग सगळे रकमेचे सेल सिलेक्ट करायचे, Ctrl+1 दाबायचं, Number टॅबमध्ये खाली Custom, आणि Type च्या चौकटीत जे असेल ते पुसून ही एक ओळ पेस्ट करायची:

```
[>=9999999.5]"₹ "##\,##\,##\,##0;[>=99999.5]"₹ "##\,##\,##0;"₹ "#,##0
```

₹ कीबोर्डवर सापडत नसेल तर कुठल्याही रिकाम्या सेलमध्ये `=UNICHAR(8377)` टाका, येईल, तिथून कॉपी करा.

ही ओळ वाचायला शिका, नुसती चिकटवू नका, कारण एकदा कळली की कुठंही दुरुस्त करता येते. अर्धविरामानं तिचे तीन भाग पडतात. पहिला कोटीसाठी, दुसरा लाखासाठी, तिसरा उरलेल्या सगळ्यांसाठी, आणि एक्सेल अटी दोनच घेतं, म्हणून तीनच भाग. खरी गोम आहे ती कॉमाच्या आधीच्या उलट्या तिरप्या रेघेत. आकड्यांच्या मधे नुसता कॉमा टाकला तर एक्सेलला वाटतं हजाराचे गट पाहिजेत, मग तुम्ही तो कुठंही टाका, ते तीन-तीननंच तोडतं. रेघ दिली की तो कॉमा फक्त छापायचं चिन्ह होतो, जिथं लिहिला तिथंच बसतो. आकडे उजवीकडनं भरत येतात, 1245000 मधले 000 शेवटच्या ##0 मध्ये, 45 मधल्या ## मध्ये, उरलेले 12 पहिल्यात, आणि दिसतं ₹ 12,45,000.

पण छापायचं चिन्ह असल्यामुळं तो कॉमा आकडा लहान असला तरी छापला जातोच. लाखाचा भाग अट काढून 5000 ला लावून बघा, "₹ ,5,000" असं दिसेल, पुढं एक अनाथ कॉमा. अटी त्याच्यासाठीच आहेत, वहिनींचे 62250 तिसऱ्या भागात जातात आणि साध्या कॉमानं ₹ 62,250 दिसतात.

आणि अट 100000 न लिहिता 99999.5 का? कारण अट तपासली जाते ती साठवलेल्या आकड्यावर, गोल करून दिसणाऱ्या आकड्यावर नाही. व्याजाच्या हिशोबात कुठं 99999.7 आला तर 100000 च्या अटीत तो बसत नाही, तिसऱ्या भागात जातो आणि गोल होऊन ₹ 100,000 दिसतो. इंटरनेटवर फिरणाऱ्या बऱ्याच ओळींत ही चूक राहिलेली असते. दोन दशांश दाखवायचे असतील तर तिन्ही भागांत 0 च्या पुढं .00 लावा आणि अटी 9999999.995 आणि 99999.995 करा.

झालं की एकदा सेलवर क्लिक करून वरच्या फॉर्म्युला बारमध्ये बघा, तिथं 685000 असंच कोरं दिसलं पाहिजे. सेलमध्ये ₹ 6,85,000, बारमध्ये 685000, म्हणजे मूळ आकड्याला हात लागलेला नाही, बेरीज, टक्केवारी सगळं पहिल्यासारखं चालतं.

वजा आकड्याला मात्र ही ओळ पुरत नाही. पहिल्या वर्षी तोटा धरला असेल, समजा -135000, तर तो कुठल्याच अटीत बसत नाही, तिसऱ्यात जाऊन -₹ 135,000 असा परत तीनच्या गटात दिसतो. त्याला Conditional Formatting मध्ये नवीन नियम करा, सेलची किंमत -99999.5 पेक्षा कमी किंवा तेवढीच असेल तर, आणि त्याच्या Format मध्ये Number, Custom ला हे द्या:

```
"₹ "##\,##\,##0
```

वजाचं चिन्ह एक्सेल स्वतः लावतं, वेगळं लिहायचं नाही. गूगल शीट्समध्ये वरची मोठी ओळ चालते पण तिथं कंडिशनल फॉरमॅटिंगमधनं नंबर फॉरमॅट बदलता येत नाही, म्हणून तिथं तोटा वेगळ्या कॉलममध्ये साधा लिहिलेला बरा.

काहीजण सांगतात की विंडोजच्या Region सेटिंगमध्ये गट 12,34,56,789 करा, काम संपलं. होतं, पण फक्त तुमच्या कॉम्प्युटरवर. तीच फाईल बँकेच्या कॉम्प्युटरवर उघडली आणि तिथली सेटिंग वेगळी असली की परत 685,000. आपली ओळ फाईलबरोबर जाते, म्हणून अर्जासाठी तीच वापरा. फाईल CSV करून द्यायची असेल तर मात्र आधी सेल General करा, कारण एक्सेल CSV मध्ये दिसतं तसंच उतरवतं, ₹ आणि कॉमासकट.

वहिनींच्या रिपोर्टची प्रिंट कोल्हापुरात राजारामपुरीतनं काढली, मशिनरीसमोर ₹ 6,85,000 बघून त्यांनी बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "सहा लाख पंच्याऐंशी हजार," आणि मग सही केली.