फक्त ‘मिनिमम’ भरलं तर कार्डाची बाकी किती महिन्यांत फिटते?

आमच्याकडे हिशेबासाठी येणारे बरेच ग्राहक सांगतात, “कार्डाचा हप्ता चुकवत नाही, तरी बाकी हलत नाही.” ते खरंच बोलत असतात. घोळ आहे तो किमान देय रक्कम ठरवण्याच्या पद्धतीत.

एक उदाहरण घेऊ. बाकी 50,000 रुपये, व्याज महिन्याला 3 टक्के, किमान देय रक्कम एकूण देयाच्या 5 टक्के, पण 500 रुपयांपेक्षा कमी नाही. कार्ड कपाटात ठेवलं आहे, नवी खरेदी शून्य. पहिल्या महिन्यात 1,500 रुपये व्याज चढतं आणि देय होतं 51,500. त्याचे 5 टक्के म्हणजे 2,575 रुपये तुम्ही भरता. त्यातले 1,500 व्याजातच गेले, मुद्दल कमी झालं फक्त 1,075 रुपयांनी.

पुढच्या महिन्यात बाकी थोडी कमी, म्हणून मिनिममही थोडं कमी. स्टेटमेंटवर रक्कम उतरताना पाहून बरं वाटतं, पण फेडही तितकीच मंदावते. बाकी निम्मी व्हायलाच 32 महिने लागतात. साडेसहा वर्षांच्या आसपास 500 ची मर्यादा लागू होते आणि मगच शेवट दिसू लागतो. सगळं फिटायला 105 महिने, म्हणजे पावणेनऊ वर्षं. व्याज जातं साधारण 61,300 रुपये, मूळ बाकीपेक्षाही जास्त.

आता एकच बदल करा. पहिल्या महिन्याचे 2,575 दर महिन्याला तेवढेच भरत राहा, मिनिमम कितीही खाली आलं तरी. बाकी 30 महिन्यांत संपते आणि व्याज होतं सुमारे 26,100 रुपये. खिशातून पहिल्या महिन्यात एक रुपयाही जास्त गेलेला नाही.

तुमच्या कार्डाचं गणित एका ओळीत बसतं:

```
1.03 × 0.95 = 0.9785
```

3 टक्के व्याजाने बाकी 1.03 पट होते आणि 5 टक्के भरल्यावर त्यातला 0.95 भाग राहतो, म्हणजे दर महिन्याला बाकीचे 97.85 टक्के उरतात. 0.95 च्या जागी 0.97 घाला (मिनिमम 3 टक्के) आणि उत्तर येतं 0.9991. अशा कार्डावर महिन्याला दीड हजाराच्या वर भरूनही वर्षभरात 50,000 मधले जेमतेम 540 रुपये कमी होतात! उत्तर 1 च्या वर गेलं, तर बाकी वाढतच जाणार.

हे आकडे व्याजदर तोच राहिला आणि विलंब शुल्क लागलं नाही, तरच खरे. व्याजावर कर असेल तर तो वेगळा. मधेच खरेदी केलीत तर हिशेब मोडतो, कारण जुनी बाकी असेपर्यंत बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, व्याज पहिल्या दिवसापासून लागतं.

ऑटो-डेबिट लावलं असेल तर त्यात ‘किमान देय’ निवडलेलं आहे का, तेही एकदा बघा. पुष्कळांच्या बाबतीत ते तसंच राहून गेलेलं असतं.