चार वगळायचा, एक धरायचा

(m − 1)x² + 2(m − 1)x + 3 ही राशी घ्या. m ची किंमत आपण एकदाच ठरवायची आणि मग x ला मोकळं सोडायचं. तो ऋण होईल, अपूर्णांक होईल, लाखांत जाईल, तरी राशी शून्याच्या वरच राहिली पाहिजे. यासाठी m च्या कोणत्या किमती चालतील? अकरावी-बारावीच्या सरावात असा प्रश्न हमखास असतो आणि उत्तर पुष्कळदा 1 < m < 4 असं लिहिलं जातं. ते जवळजवळ बरोबर आहे. नेमकं उत्तर मात्र 1 ≤ m < 4. तो एकटा m = 1 कुठे निसटतो, हे पाहण्यासारखं आहे.

नेहमीची रीत अशी: ax² + bx + c या राशीला 4a ने गुणलं की ती (2ax + b)² − (b² − 4ac) अशी मांडता येते. 4a ने गुणून वर्ग पूर्ण करण्याची ही युक्ती श्रीधराचार्यांची. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘बीजगणित’ या ग्रंथात ती त्यांच्या नावानिशी दिली आहे. पहिला भाग वर्ग असल्यामुळे तो कधीच ऋण होत नाही. म्हणून b² − 4ac हा विवेचक ऋण असेल, तर उजवी बाजू कायम धन राहते. a सुद्धा धन असला की मूळ राशीही कायम धन.

आपल्या राशीचा विवेचक 4(m − 1)² − 12(m − 1), म्हणजे 4(m − 1)(m − 4). हा गुणाकार ऋण व्हायला m ला 1 आणि 4 यांच्या मध्येच असावं लागतं, आणि तिथे x² चा सहगुणक m − 1 आपोआप धन असतो. इथवर सगळं ठीक. पण m = 1 ला विवेचक शून्य येतो म्हणून ती किंमत खोडली, की चूक झाली. विवेचकाचा सगळा युक्तिवाद a शून्य नाही हे गृहीत धरून चालतो. a = 0 असेल तर 4a ने गुणणं म्हणजे शून्याने गुणणं; त्यातून काहीच कळत नाही. अशा वेळी m ची किंमत सरळ मूळ राशीत घालावी. m = 1 घातला की x असलेली दोन्ही पदं जातात आणि उरतात फक्त 3. ते तर x काहीही असला तरी धनच.

दोन टोकांना असा वेगळा न्याय का, हे राशी जरा वेगळी लिहिली की दिसतं: (m − 1)[(x + 1)² − 1] + 3. m − 1 धन असेल तर आलेखाचा तळ x = −1 ला असतो आणि तिथली किंमत 4 − m येते. m = 3.99 असताना तळ शून्याच्या वर 0.01 इतकाच उरतो; m = 4 ला तो अक्षाला टेकतो. राशी तिथे 3(x + 1)² होते, x = −1 ला शून्य, म्हणून 4 बाद. दुसऱ्या टोकाला मात्र असं टेकणं होतच नाही. m वरून 1 कडे येऊ लागला की आलेख पसरट होत जातो आणि शेवटी 3 या उंचीवर आडवी रेषा होतो.

m एकच्या किंचित खाली गेला तर? m = 0.9999 घ्या. संगणकाच्या पडद्यावर x उणे दहापासून दहापर्यंत ठेवला, तर जवळजवळ तीच आडवी रेषा दिसेल आणि कुणीही म्हणेल, चालतंय की! पण x² + 2x − 30000 = 0 सोडवलं की कळतं, आलेख साधारण x = 172 आणि x = −174 ला अक्ष ओलांडून खाली जातो. m एकच्या जितका जवळ, तितकी ही ठिकाणं लांब. म्हणून ‘प्रत्येक x साठी’ असं म्हटलेलं असताना आलेखावर विसंबू नये. x² चा सहगुणक ऋण आहे एवढं दिसलं तरी निकाल लागतो, कारण x पुरेसा मोठा झाला की ते पद बाकीच्यांना गिळतंच.

a = 0 ची किंमत नेहमी उत्तरात येतेच, असंही नाही. मधलं पद बदलून (m − 1)x² + 2mx + 3 करून बघा. m = 1 ला 2x + 3 उरतं आणि x = −2 ला ते −1 होतं; म्हणजे इथे 1 चालत नाही. बाकी किमतींसाठी विवेचक 4(m² − 3m + 3) येतो. तो ऋण कधी होईल? कंसातली राशी m मधली वर्गराशी आहे; तिचा स्वतःचा विवेचक 9 − 12 = −3 आणि m² चा सहगुणक 1. म्हणजे आपण जिच्या शोधात होतो, ती सदैव धन राशी इथे कंसातच निघाली, आणि तिच्यामुळेच या दुसऱ्या प्रश्नाला m ची एकही किंमत चालत नाही.