ढाल पुढे, वार मागून

प्राचीन लढाईचं दृश्य पडद्यावर आलं की ते ठरलेलं असतं. दोन सैन्यं धावत येतात, एकमेकांत मिसळतात, जोड्या जुळतात आणि तलवारबाजी सुरू होते. दोन मिनिटांत मैदानभर प्रेतं. मला हे दृश्य फार खटकतं, कारण त्यात माणसं मरण्याची वेळच चुकलेली असते. समोरासमोरच्या झुंजीत माणसं त्या मानाने कमी मरत. खरी कत्तल व्हायची ती एक बाजू मोडून पळत सुटल्यावर.

हे कळतं कसं? पीटर क्रेन्ट्झ या अभ्यासकाने १९८५ मध्ये ग्रीक पायदळांच्या लढायांमधले मृतांचे आकडे एकत्र मांडले. जिंकणाऱ्यांचे सरासरी ५ टक्के सैनिक मेले होते, हरणाऱ्यांचे १४ टक्के. जिंकणारे पळाले नाहीत, म्हणजे त्यांचे मृत्यू बहुतेक झुंजीतलेच. तेवढेच नुकसान झुंजीत समोरच्यांचंही झालं असं धरलं, तर उरलेले ९ टक्के पळापळीच्या खात्यात जातात. हरणाऱ्यांच्या दर तीन मृतांपैकी जवळजवळ दोन! हा हिशोब ढोबळ आहे, पण त्याची दिशा पक्की आहे.

एक लढाई जवळून पाहू. इ.स.पू. ४२४, अथेन्सच्या उत्तरेला डेलियम. एका बाजूला अथेन्स, समोर बीओशिया या शेजारच्या प्रदेशाचं सैन्य, त्यात थीब्ज शहराचे लोक प्रमुख. हकिगत इतिहासकार थ्युसिडिडीसने लिहिली आहे. तो स्वतः अथेन्सचा, तरी आपल्याच शहराचा पराभव त्याने लपवलेला नाही. दोन्हीकडे सुमारे ७,००० जड हत्यारांचे पायदळ सैनिक होते. अथेन्सचे लोक एकामागे एक आठ रांगांत उभे होते. म्हणजे पहिल्या रांगेत साधारण ८७५ जण, आणि भाला खऱ्या अर्थाने पोहोचतो तो त्यांच्यापर्यंतच. मागचे सहा हजाराच्या आसपास लोक पुढच्यांच्या पाठीकडे बघत उभे. थीब्जवाल्यांनी तर २५ रांगा लावल्या होत्या, म्हणजे त्यांच्यात पंचविसातला एकच पुढे.

पुढचा माणूसही सहजासहजी मरत नसे. त्याच्या डाव्या हातात सुमारे ९० सेंटीमीटर व्यासाची लाकडी ढाल, डोक्याला ब्राँझचं शिरस्त्राण. समोरच्याला मारायचं तर आपला हात ढालीबाहेर काढावा लागतो, आणि तोच क्षण आपल्याला मारला जाण्याचा असतो. त्यामुळे दोन्हीकडचे आधी स्वतःला झाकतात. जोवर दोन्ही फळ्या शाबूत आहेत, तोवर मृत्यू संथ गतीने येतो.

मग फळी मोडते कशी? हळूहळू मोडायला हवी होती, पण ती अचानक मोडते, आणि मला सगळ्यात जास्त ओढ आहे ती याच कोड्याची. त्याची उत्तम किल्ली मिळते अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७८ सालच्या मांडणीत. त्यांचं उदाहरण दंगलीचं होतं, मी ते पळण्याला लावतो.

शंभर माणसं उभी आहेत. प्रत्येकाचा एक उंबरठा आहे, म्हणजे किती जण पळताना दिसले की आपणही पळायचं, याचा आकडा. पहिल्याचा उंबरठा शून्य, तो कोणाची वाट बघत नाही. दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा दोन, असं करत शेवटच्याचा नव्याण्णव. पहिला पळतो. त्याला पाहून दुसरा, त्या दोघांना पाहून तिसरा, आणि बघता बघता शंभरच्या शंभर पसार. आता एकच बदल करा. ज्याचा उंबरठा एक होता, त्याच्या जागी दोनवाला माणूस आणा. पहिला पळतो. पण आता एकाला पाहून पळणारा कोणीच नाही, सगळ्यांना निदान दोघे पळताना दिसायला हवेत. साखळी तिथेच थांबते. नव्याण्णव जण जागेवर. दोन्ही जमावांत शौर्य जवळजवळ सारखंच, फरक एका माणसाचा, आणि निकाल दोन टोकांचे.

आता हे रांगांना लावा. पुढच्याला पळायचं असलं तरी मागे सात जण उभे आहेत, वाट नाही. पळू शकतो तो मागचा, आणि त्यालाच समोरचं काही दिसत नाही, नुसता धुरळा आणि आरडाओरड. त्याचा हिशोबही सरळ आहे : सगळ्यात आधी पळणारा बहुतेक वाचतो, शेवटी पळणारा बहुतेक मरतो. त्यामुळे शेजारी हलला की थांबणं महाग पडतं. म्हणूनच चांगली माणसं पहिल्या आणि शेवटच्या रांगेत ठेवावीत, कच्ची मध्ये, असा सल्ला ग्रीक लेखक झेनोफनच्या लिखाणात येतो. उंबरठा मागून उंच करायची ती युक्ती होती.

डेलियमला अथेन्सची उजवी बाजू जिंकत होती. तिने समोरच्या, बीओशियातल्याच थेस्पिया शहराच्या लोकांना घेरलं. त्या घेरावात इतका गोंधळ झाला की काही अथेन्सवाले एकमेकांनाच न ओळखून मारून बसले. तेवढ्यात थीब्जचा सेनापती पॅगोंडस याने घोडदळाच्या दोन तुकड्या टेकडीमागून वळसा घालून पाठवल्या. त्या अचानक दिसल्या आणि जिंकणाऱ्या अथेन्सवाल्यांना वाटलं, दुसरंच सैन्य आलं. त्या एका क्षणी सगळ्यांचेच उंबरठे खाली आले. फळी फुटली, आणि दुसऱ्या बाजूलाही थीब्जच्या रेट्याखाली ती तुटतच होती. संपूर्ण सैन्य समुद्राकडे, ओरोपसकडे, पार्निस डोंगराकडे धावत सुटलं.

अशा अचानक भीतीचं खापर ग्रीक लोक पॅन या देवावर फोडत, 'पॅनिक' हा शब्द तिथूनच आला. आपल्याकडेही 'झपाटल्यासारखे पळाले' म्हणतात. झपाटणारं कोणी नसतं. शेजाऱ्याकडे बघून ठरवणारी हजारो माणसं एवढं कारण पुरतं.

पळणाऱ्याची ढाल पुढच्या बाजूला असते, पाठ उघडी. सहा-सात किलोची ती ढाल घेऊन धावता येत नाही, म्हणून ती टाकून द्यायची. ग्रीकमध्ये अशा माणसाला 'ढाल फेकणारा' ही शिवीच होती. आधी आठातला एकच भाल्याच्या टप्प्यात होता, आता सगळेच. आणि मारणाऱ्याला धोका जवळपास शून्य, कारण समोरून उलटा वार येत नाही. त्यात मागे घोडेस्वार असले तर पळता भुई थोडी. डेलियमला बीओशियाचे आणि ऐनवेळी पोहोचलेले लोक्रिसचे स्वार मागे लागले, आणि अंधार पडला म्हणून पुष्कळ जण वाचले. बीओशियाचे पाचशेच्या आत मेले, अथेन्सचे जड पायदळातलेच हजाराच्या आत. अथेन्सचा सेनापती हिप्पोक्रेटीस त्यात होता. हलक्या हत्यारांचे आणि सामान वाहणारे मेले ते निराळेच.

अर्थात प्रत्येक पाठलाग लांबत नसे. स्पार्टाचे लोक शत्रू मोडेपर्यंत चिवटपणे लढत, पण पाठलाग थोडाच करत. जड हत्यारांनिशी फार धावता येत नाही, आणि आपली फळीही विस्कटते. घोडदळ किंवा हलकं पायदळ हाताशी असेल तिथे मात्र आकडे फुगतात.

डेलियमहून परतणाऱ्यांत सॉक्रेटीस होता, वय पंचेचाळीसच्या आसपास. प्लेटोने त्याच लढाईत असलेल्या अथेन्सच्या अल्किबायडीसच्या तोंडी ते वर्णन घातलं आहे. प्लेटो त्या वेळी लहान मूल होता, तेव्हा ती ऐकीव गोष्ट म्हणूनच घ्यावी. अल्किबायडीस घोड्यावर होता, सॉक्रेटीस आणि सेनानी लाखीस पायी. सॉक्रेटीस पळत नव्हता. अथेन्सच्या रस्त्यावर चालावं तसा चालत होता, मित्र आणि शत्रू दोघांकडेही शांतपणे बघत. लांबूनच कळत होतं की याला हात लावला तर हा जोरात उलटेल. स्वारांना पुढे ढाल टाकून धावणारे शेकडो दिसत होते. त्यांनी या दोघांना सोडलं आणि धावणाऱ्यांमागे घोडे घातले.