हिरवे ४१ टक्के, पण ऑर्डरी किती?

परवा रात्री साडेदहाला मित्राचा व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट आला आणि खाली नुसतं "बघ!!" वहिनी दिवाळी फराळाचे डबे ऑनलाइन विकतात, त्या पेजच्या दोन आवृत्त्या त्याने दहा दिवस चालवल्या होत्या. ए मध्ये बंद डब्याचा फोटो, बी मध्ये उघड्या डब्याचा, चकल्या-करंज्या दिसतायत असा. ए: १,००४ व्हिजिटर, ४० ऑर्डरी, कन्व्हर्जन म्हणजे शंभर व्हिजिटरमागे ऑर्डरी ३.९८%. बी: ९९८ व्हिजिटर, ५६ ऑर्डरी, ५.६१%. शेजारी ठळक हिरव्या अक्षरात +४१% आणि त्याखाली "बी सरस असण्याची शक्यता ९६%".

आता असा स्क्रीनशॉट आला की डोळे आपोआप त्या हिरव्या आकड्यावर जातात, आणि नेमका तोच सगळ्यात शेवटी बघायचा असतो. आधी बघायचं ४० आणि ५६ कडे, कारण टक्के कितीही मोठे दिसले तरी सगळा खेळ या मोजक्या ऑर्डरींवर उभा आहे.

समजा फोटोने काडीचाही फरक पडत नाही. मग ज्या ९६ जणांनी ऑर्डर दिली ते तशीही देणारच होते, फक्त कोणाला ए दिसलं आणि कोणाला बी हे नाणं उडवून ठरलं, कारण स्प्लिट टेस्टचं सॉफ्टवेअर अगदी हेच करतं, येणाऱ्या माणसाला चिठ्ठी टाकल्यासारखं इकडे किंवा तिकडे पाठवतं. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो की ९६ वेळा नाणं उडवलं तर ५६-४० अशी किंवा याहून वाकडी विभागणी नुसत्या नशिबाने किती वेळा येईल? उत्तर आहे साधारण आठातनं एकदा. म्हणजे काही फार दुर्मिळ नाही!

दर वेळी एवढा हिशोब करायला नको म्हणून एक जुगाड आहे. दोन्हीकडे व्हिजिटर जवळपास सारखे असतील तर ऑर्डरींमधला फरक घ्या आणि त्याला एकूण ऑर्डरींच्या वर्गमुळाने भागा. इथे फरक १६, एकूण ९६, वर्गमूळ ९.८, उत्तर १.६. हे २ च्या खाली असेल तर "नशीबही असू शकतं" म्हणायचं, ३ च्या वर गेलं तर गंभीरपणे घ्यायचं, आणि मधे असेल तर आणखी वाट बघायची. नीट कॅल्क्युलेटरमध्ये टाकलं तर पी-व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसताना नुसत्या नशिबाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, पद्धतीप्रमाणे ९ ते १२ टक्क्यांच्या मधे येते, नेहमीच्या ५ टक्क्यांच्या रेघेखाली ती इथे आलेलीच नाही.

मग ते ९६% कुठून आलं? मित्राचाही हाच प्रश्न होता, "अरे, सॉफ्टवेअर खोटं बोलतंय का?" खोटं नाही बोलत, पण आपण ऐकतो वेगळंच. ते म्हणतंय की बी ए पेक्षा जरासा तरी बरा असण्याची शक्यता ९६%, म्हणजे एकाच बाजूचं मोजतंय, आणि आपल्याला ऐकू येतं "४१% वाढ होणार याची ९६% खात्री." खरा फरक कुठे असू शकतो याचा ९५ टक्क्यांचा पट्टा काढला तर तो शंभर व्हिजिटरमागे पाव ऑर्डर कमी इथपासून साडेतीन ऑर्डरी जास्त इथपर्यंत पसरतो, एवढ्या मोठ्या पट्ट्यातला ४१% हा फक्त एक ठिपका आहे.

गंमत म्हणजे जवळपास हाच आकडा एका गाजलेल्या टेस्टमध्येही आहे. ओबामांच्या २००८ च्या निवडणूक मोहिमेत साइन-अप पेजवर ४ बटणं आणि ६ फोटो-व्हिडिओ मिळून २४ जोड्या तपासल्या होत्या. मूळ पेजवर ८.२६% लोक ईमेल देत होते, जिंकलेल्या जोडीवर ११.६%, म्हणजे वाढ ४०.६%. पण तिथे एकूण ३,१०,३८२ व्हिजिटर होते, दर जोडीला साधारण १३ हजार. आपला जुगाड लावा: एकीकडे सुमारे १,०७०, दुसरीकडे सुमारे १,५१०, फरक ४४०, एकूण २,५८०, वर्गमूळ ५१, उत्तर साडेआठच्या पुढे. २४ जोड्यांतली सगळ्यात चांगली वेचून काढली म्हणून थोडी सूट द्या, तरी साडेआठ ही नशिबाची गोष्ट नाही. (टीमच्या लोकांना व्हिडिओच आवडले होते, आणि झालं असं की प्रत्येक व्हिडिओ प्रत्येक फोटोपेक्षा मागे पडला.) टक्के दोन्हीकडे चाळीसच्या आसपास, पण एक दगडावर उभा आणि एक वाळूवर.

मग मी मित्राला जरा खोचक प्रश्न विचारला, की बाबा हा स्क्रीनशॉट तू आजच का काढलास? तर म्हणे रोज संध्याकाळी बघत होतो, आज पहिल्यांदा हिरवं झालं. इथेच खरी मेख आहे, आणि स्क्रीनशॉटमध्ये ती कधीच दिसत नाही. दोन्ही पेजं हुबेहूब सारखी असली तरी आकडे रोज वरखाली हेलकावे खातात, आणि तुम्ही रोज डोकावून सोयीच्या दिवशी थांबलात तर कधी ना कधी हिरवं दिसणारच. ५% चुकीची मुभा ठेवून एकदाच बघितलं तर ५%, पण टेस्ट चालू असताना समान अंतराने दहा वेळा बघून पहिल्या यशाला थांबलात तर फसण्याची शक्यता १९% च्या आसपास जाते. त्यामुळे कोणी स्क्रीनशॉट पाठवला की मी आधी विचारतो, किती व्हिजिटर झाल्यावर थांबायचं हे सुरुवातीला ठरलं होतं का. बहुतेक वेळा उत्तर येत नाही, स्माइली येते.

अजून एक गोष्ट चेक करायची, तोच जुगाड व्हिजिटरना लावायचा. १,००४ आणि ९९८, फरक ६, वर्गमूळ ४५ च्या आसपास, ठीक आहे. पण तिथे १,००४ आणि ८५० असतं तर उत्तर साडेतीनच्या वर गेलं असतं, आणि नाणं निम्म्या-निम्म्यावर सेट असेल तर असं सहसा होत नाही. मग समजायचं की मोजणीच बिघडलीये, उदाहरणार्थ बी चा फोटो एवढा जड की कंटाळलेले लोक मोजले जायच्या आधीच निघून गेले आणि उरले ते चिकाटीवाले, जे तसेही ऑर्डर देणारच होते. अशा वेळी कन्व्हर्जनकडे बघायचंच नाही. आणि हो, नाण्याचा हिशोब एका माणसाला एक नाणं असाच चालतो, एकाच काकूंनी स्वतःसाठी, लेकीसाठी आणि विहीणबाईंसाठी अशा तीन ऑर्डरी दिल्या असतील तर ते एकच नाणं. मित्राने तपासलं तर बी मध्ये अशा दोन जणी निघाल्या, म्हणजे ५६ चे झाले ५२. ए मध्ये एकही नव्हती. फरक १२, एकूण ९२, उत्तर १.२५!

"मग किती दिवस चालवू?" ४ चे ५ टक्के झालेत का हे बऱ्यापैकी खात्रीने पकडायला दर आवृत्तीला सुमारे ७ हजार व्हिजिटर लागतात, आणि ४ चे ४.४ पकडायचे असतील तर सुमारे ४० हजार, कारण फरक निम्मा केला की व्हिजिटर चौपट लागतात, आणि इथे तो निम्म्याहूनही कमी झालाय. याच्याकडे रोज २०० येतात, म्हणजे ७ हजार गुणिले दोनला ७० दिवस, तोवर दिवाळी होऊन तुळशीचं लग्नही लागलेलं असेल.

तर ठरलं असं की उघड्या डब्याचा फोटो ठेवायचा, त्याला काही खर्च नाही आणि तोटा व्हायची शक्यता कमीच आहे. मात्र वहिनी ४१% जास्त ऑर्डरी धरून भाजणीची आणि पोह्यांची यादी करत बसल्या होत्या, ती त्यांनी फाडली आणि गेल्या वर्षीचीच परत काढली.