भिक्षेकरी ख्रिस्ती संघ

पश्चिम युरोपात तेराव्या शतकाच्या आरंभी उदयास आलेले, भिक्षेवर व कष्टाच्या मोबदल्यावर राहून शहरांतून प्रवचने करीत फिरणारे रोमन कॅथलिक व्रतस्थांचे संघ. फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन हे त्यांतील प्रमुख. त्यांच्या सदस्याला फ्रायर म्हणत. हा शब्द ‘बंधू’ या अर्थाच्या लॅटिन ‘फ्रातेर’वरून आलेला असून मठवासी संन्यासी (मंक) त्याहून वेगळा.

संन्यासी गरीब आणि मठ श्रीमंत, ही जुन्या व्यवस्थेची रीत होती. संत बेनेडिक्टच्या नियमावलीनुसार संन्याशाला स्वतःची लेखणीसुद्धा बाळगता येत नसे, परंतु मठाने जमीन बाळगण्यास आडकाठी नव्हती. राजे-सरदारांनी आत्म्याच्या सद्गतीसाठी दिलेल्या जमिनी, कुळांकडून येणारा खंड, गिरण्या, दशमांश यांवर मठ चाले. संन्यासी ज्या मठात दीक्षा घेई तिथेच जन्म काढी. सिस्टर्सियन पंथ (1098) साधेपणासाठी निघाला खरा, पण शेती आणि मेंढ्यांच्या लोकरीमुळे शंभर वर्षांत तोही गबर झाला.

फ्रान्सिस्कन संघाचा संस्थापक, असिसीचा फ्रान्सिस (सु. 1182–1226) याने ही फटच बुजवली. त्याचा आग्रह असा की बंधूने काही बाळगू नये आणि संघानेही बाळगू नये. पोप तिसरा इनोसंट याने त्याला तोंडी मान्यता दिली. ती 1209 सालची की 1210 ची, याविषयी मतभेद आहेत. संघाची परंपरा 1209 मानते व तेच येथे ग्राह्य धरले आहे. लेखी नियमावलीला मान्यता मिळाली ती 1223 मध्ये. डॉमिनिकन संघाचा संस्थापक डॉमिनिक (सु. 1170–1221) या स्पॅनिश धर्मगुरूची वाट वेगळी होती. दक्षिण फ्रान्समधील कॅथर पाखंडाविरुद्ध प्रचार करताना, लवाजम्यानिशी येणाऱ्या धर्माधिकाऱ्यांचे कोणी ऐकत नाही, हे त्याने पाहिले होते. त्याच्या संघाने 1220 च्या बोलोन्या येथील सभेत स्थावर उत्पन्नाचा त्याग केला. डॉमिनिकन दारिद्र्य प्रवचनासाठी पत्करलेले साधन होते, फ्रान्सिस्कन दारिद्र्य हेच मुळात व्रत. पाखंडाचा प्रतिकार हे या संघांच्या उदयाचे कारण म्हणून सांगितले जाते. डॉमिनिकनांपुरते ते पटते. फ्रान्सिस्कनांच्या बाबतीत मात्र वाढती शहरे आणि खेळता पैसा यांचे स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक दिसते, कारण फ्रान्सिस स्वतः कापडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा होता.

काहीच बाळगायचे नाही, तर डोक्यावरचे छप्पर कोणाचे? इंग्लंडमधील उदाहरण बोलके आहे. नऊ फ्रान्सिस्कन 1224 च्या सप्टेंबरात डोव्हरला उतरले. त्यांच्या समुद्रप्रवासाचा खर्च फेकाँ येथील बेनेडिक्टाइन मठाने केला होता, ही मौज नोंदवण्याजोगी. कँटरबरीत त्यांना एका शाळेखालची छोटी खोली मिळाली. संध्याकाळी मुले घरी गेली की ते वर येऊन शेकोटी पेटवीत आणि तळाशी उरलेली बिअर भांड्यात ऊन करून आळीपाळीने पीत. कधी ती इतकी दाट असे की पाणी घालावे लागे, असे टॉमस ऑफ एकल्स्टन हा संघाचाच बखरकार सांगतो. पुढे एका धर्मशाळेच्या प्रमुखाने त्यांना जागा देऊन प्रार्थनागृह बांधून दिले. बंधू मालकी घेईनात, म्हणून ती जागा नगराच्या समुदायाच्या नावे झाली आणि नागरिकांची मर्जी असेतो बंधूंना वापरायला मिळाली. लंडनमध्येही असाच तोडगा निघाला. मठाला जमीन देणारा सरदार त्या जमिनीवरून मोकळा होई. येथे मात्र बंधूंचे बिऱ्हाड शहराच्या मर्जीवर राहिले, आणि शहराचा त्यांच्यावरचा हक्कही.

संघ वाढला तशी ही व्यवस्था अपुरी पडली. पैसा बंधूंच्या वतीने ‘आध्यात्मिक मित्रा’ने ठेवावा, अशी मुभा पोप नववा ग्रेगरी याने 1230 मध्ये दिली. पोप चौथा इनोसंट याने 1245 मध्ये संघाच्या वापरातील वस्तूंची मालकी पोपपीठाकडे घेतली. मालकी पोपची, वापर बंधूंचा. मोठी चर्चे आणि ग्रंथालये उभी राहिली तरी कागदोपत्री संघ निष्कांचनच. पोप बाविसावा जॉन याने 1322 मध्ये ही मालकी नाकारली. खाल्ल्याबरोबर संपणाऱ्या अंड्यात किंवा चीजमध्ये वापर आणि मालकी वेगळी कशी काढायची, हा त्याचा मुद्दा होता. कायद्याच्या दृष्टीने तो बिनतोड वाटतो, पण त्यावरून संघात मोठी फूट पडली.

कार्मेलाइट आणि ऑगस्टिनियन हे मुळात एकांतवासी तपस्व्यांचे गट तेराव्या शतकाच्या मध्यास याच साच्यात आले. लिआँच्या परिषदेने (1274) धाकटे भिक्षेकरी संघ बंद करण्याचे ठरवल्यावर मुख्यतः हे चारच उरले. जुन्या गोव्यात फ्रान्सिस्कनांचे असिसीच्या संत फ्रान्सिसचे चर्च (सध्याची वास्तू 1661) आणि ऑगस्टिनियनांच्या चर्चचा पडका मनोरा अद्याप पाहावयास मिळतात.