गोळी दिली, तरी जंत परत का होतात?

"दादा, गेल्या महिन्यातच जंताची गोळी दिली होती, आणि परत पोट दुखतंय म्हणतो." मागच्या आठवड्यात एक ताई आमच्या औषधाच्या दुकानात काउंटरवर सांगत होत्या. मुलगा तिसरीत. डबा निम्मा परत येतो, बेंबीभोवती दुखतं, आणि रात्री झोपेत शीच्या जागी खाजवत राहतो. या खाजेवरूनच सुतासारख्या बारीक, पांढऱ्या जंतांचा संशय येतो.

या जंतांची मादी रात्री बाहेर येऊन शीच्या जागेभोवती अंडी घालते. मूल खाजवतं, अंडी नखांत अडकतात आणि सकाळी बोट तोंडात गेलं की परत पोटात. चड्डी-चादरीवर ती दोन आठवड्यांपर्यंत जिवंत राहू शकतात. शीच्या तपासणीत हे जंत बऱ्याचदा सापडत नाहीत. मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्च लावून बघा, वळवळताना दिसू शकतात.

जंताच्या गोळीतलं अल्बेंडाझोल जंत मारतं, पण सगळी अंडी मारत नाही. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो. त्या ताईंनी एकच दिला होता, शिवाय एकाच गादीवर झोपणाऱ्या धाकटीला काहीच दिलं नव्हतं. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध घेतलेलं बरं. दोन वर्षांवरच्या मुलांना 400 मिलिग्रॅमची एक गोळी, नीट चावून; एक ते दोन वर्षांच्या बाळाला निम्मी, चुरून पाण्यातून. त्याहून लहान बाळ, गरोदर बाई किंवा फिट येणारं मूल घरात असेल तर त्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. मूल तापाने आजारी असेल तर बरं होईपर्यंत थांबा. उलटीतून जंत पडला, पोट फुगून कडक झालं किंवा उलट्या थांबेनात, तर गोळीच्या भरवशावर न राहता थेट दवाखाना गाठा.

फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये शाळेत मिळणारी गोळी मुख्यतः मातीतून येणाऱ्या जंतांसाठी असते. ती जरूर घेऊ द्या, पण नुकतीच मिळाली असेल तर आम्हाला आधी सांगा.

गोड खाऊन जंत होत नाहीत, त्यामुळे गूळ-साखर बंद करून काही साधत नाही. काम नखांचं आहे. ती आठवड्यातून एकदा मुळापर्यंत कापा आणि शीनंतर व जेवणाआधी साबणाने हात धुवायला लावा. या दोन आठवड्यांत रोज सकाळी उठल्याबरोबर आंघोळ घालून चड्डी बदला, म्हणजे रात्रीची अंडी धुऊन जातात. चादर झटकू नका, उडालेली अंडी दुसऱ्याच्या तोंडात जातात. गुंडाळून गरम पाण्यात धुवा. मातीतल्या जंतांसाठी मात्र कोथिंबीर-पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून धुणं आणि पायात चप्पल, हे वर्षभर.

दुसरा डोस हमखास विसरला जातो. त्यामुळे पहिली गोळी 1 तारखेला घेतली, तर आम्ही पाकिटावर पेनाने 15 तारीख लिहून देतो. ते पाकीट फेकू नका.