अर्धं काम आणि अर्धवट काम: आजारपणात मुदत चुकते तेव्हा

मी फोंड्याला पुस्तकांची आणि स्मरणिकांची मांडणी करतो. पावसाळ्यात आमच्याकडे डेंग्यूचे दिवस आणि चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, छपाईचे दिवस एकाच वेळी येतात, त्यामुळे आषाढ-श्रावणात कुणी ना कुणी मांडणीकार आजारी पडतोच. मग मंडळाला निरोप जातो: ‘बरं नाही, उशीर होईल, सध्या जेवढं झालंय तेवढं पाठवतो.’ या ‘जेवढं झालंय तेवढं’मध्येच सगळा घोळ आहे, आणि दरवर्षी तोच घोळ बघून आता मला राहवत नाही.

अर्धवट काम सगळ्यांना माहीत आहे, त्यावर फार लिहायला नको. चौसष्टच्या चौसष्ट पानं लागलेली असतात, पण प्रूफ एकाचंही शेवटचं नाही. काही फोटो फोनवरून आलेले, काही जाहिरातींच्या जागी नुसती चौकट. अशी फाइल ‘बघून घ्या’ म्हणून पाठवली की मंडळातले तिघं वेगवेगळ्या कागदांवर दुरुस्त्या करतात, आणि बरे होऊन बसाल तेव्हा तुमच्यासमोर एकाच लेखाच्या तीन आवृत्त्या असतात. मी स्वतः हे एकदा केलंय. उरलेल्या कामापेक्षा त्या तीन आवृत्त्या जुळवायलाच मला जास्त वेळ लागला.

अर्धं काम म्हणजे कामाचा असा तुकडा, ज्याला तुम्हाला पुन्हा हात लावावा लागणार नाही आणि ज्यावर ग्राहकाला आजच पुढचं पाऊल टाकता येईल. दोन्ही अटी पाहिजेत. पहिली सगळ्यांना कळते. दुसरीकडे जवळजवळ कुणीच बघत नाही आणि माणसं फसतात ती तिथेच, म्हणून तिच्यावरच जरा थांबतो.

अर्धं कुठून मोजायचं? आपण ते आपल्या बाजूनं मोजतो: चौसष्टपैकी बत्तीस पानं झाली, म्हणजे अर्धं झालं. पण ती बत्तीस पानं मंडळ नुसती वाचत बसणार नाही, ती छापखान्यात जाणार आहेत. छापखाना पानं सुटी छापत नाही, फॉर्म छापतो. आमच्याकडच्या नेहमीच्या आकारात एका फॉर्ममध्ये सोळा पानं बसतात: मोठ्या कागदाच्या एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला आठ. चौसष्ट पानांचे चार फॉर्म होतात. सोळातलं एक पान जरी आलेलं नसलं तरी त्या फॉर्मच्या प्लेटा काढता येत नाहीत.

आता कोणती सोळा पानं एका फॉर्ममध्ये येतात हे बांधणीवर ठरतं. शिवून किंवा पाठीला चिकटवून बांधायचं असेल तर फॉर्म सरळ ओळीनं लागतात: १ ते १६, १७ ते ३२, असे. पण स्मरणिका बहुतेक वेळा मध्ये पिना मारून बांधतात. तेव्हा फॉर्म एकात एक घातलेले असतात. सगळ्यात बाहेरच्या फॉर्ममध्ये १ ते ८ आणि ५७ ते ६४ ही पानं असतात, त्याच्या आतल्यात ९ ते १६ आणि ४९ ते ५६, त्याच्या आत १७ ते २४ आणि ४१ ते ४८, आणि अगदी मधल्यात २५ ते ४०.

हे हिशेबात घेतलं की दिसतं: पिना मारायच्या स्मरणिकेची १ ते ३२ पानं अगदी निर्दोष करून पाठवली, तरी छापखान्याच्या हातात एकही पूर्ण फॉर्म जात नाही. प्रत्येक फॉर्मची अर्धी पानं आली आणि अर्धी राहिली. तुम्ही तापात बसून बत्तीस पानं संपवलीत, मंडळानं आभार मानले, आणि छपाई एका दिवसानंही पुढे सरकली नाही. तीच बत्तीस पानं १७ ते ४८ अशी दिली असती तर दोन फॉर्म त्याच आठवड्यात छापून झाले असते. पानं तेवढीच, मेहनत तेवढीच. फरक फक्त कोणती पानं आधी संपवली याचा. म्हणून आजारपणात फाइलला हात लावण्यापूर्वी पहिला फोन छापखान्याला करायचा आणि एवढंच विचारायचं: बांधणी कोणती, आणि कोणता फॉर्म आधी घेता येईल?

स्मरणिकेत मधली पानं आधी देण्याचं आणखी एक कारण आहे. शुभेच्छासंदेश, अनुक्रमणिका, देणगीदारांची यादी आणि उशिरा येणाऱ्या जाहिराती पुढच्या-मागच्या पानांवरच असतात. मधले लेख आधी पक्के होतात. म्हणजे जो भाग खरोखर संपवता येतो तोच छापखान्यालाही आधी चालतो.

यात एक अट मात्र ग्राहकाला स्पष्ट सांगावी लागते. मधले फॉर्म छापले गेले की पृष्ठसंख्या गोठते. नंतर कुणी दोन जाहिराती आणल्या आणि पुढे चार पानं वाढवायची म्हटली, तर १७ ते ४८ हे आकडे आधीच कागदावर उतरलेले असतात. हे न सांगता अर्धं काम देणं म्हणजे ग्राहकाला नकळत बांधून टाकणं, आणि मला ते मुळीच मान्य नाही.

आता तारीख. ‘दोन-चार दिवसांत’, ‘लवकरच’, ‘बरं वाटलं की लगेच’ या शब्दांचा मला मनापासून राग आहे, कारण त्यांच्यावर विसंबून छापखान्यात मशीन राखून ठेवता येत नाही. डेंग्यूत तर ‘ताप उतरला की बसतो’ हे सगळ्यात चुकीचं. डेंग्यूचा ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात उतरतो, आणि नेमकं त्याच सुमाराला डॉक्टर जास्त लक्ष ठेवतात, कारण गुंतागुंत व्हायची तर तेव्हाच होते. त्यानंतरचा अशक्तपणा पुढे काही आठवडेही राहू शकतो. थर्मामीटर बघून दिलेली तारीख म्हणूनच कोसळते.

पक्की तारीख उरलेल्या तासांतून काढायची असते, आणि ती काढता येते फक्त अर्ध्या कामातून. अर्धवट कामात किती उरलंय ते कुणालाच मोजता येत नाही, कारण सगळीकडे थोडं थोडं उरलेलं असतं.

माझाच हिशेब सांगतो. २०२५ ची चवथ २७ ऑगस्टला होती. डिचोलीच्या एका मंडळाची स्मरणिका मला ४ ऑगस्टला द्यायची होती, आणि प्रती त्यांना २२ ला हातात हव्या होत्या. २८ जुलैला ताप आला, ३० ला डेंग्यूचा रिपोर्ट. १७ ते ४८ पानांचं शेवटचं प्रूफ तेव्हा वाचून झालं होतं. उरली बत्तीस. त्यातल्या सोळा पानांच्या दुरुस्त्यांना पाच तास, जाहिराती-संदेशांच्या सोळा पानांना आठ, शेवटचं वाचन आणि पीडीएफ यांना तीन. एकूण सोळा तास. एरवी हे दोन दिवसांचं काम. पण आजारातून उठल्यावर मी दिवसाला तीनच तास धरले, आणि सुरुवात ६ ऑगस्टपासून धरली. सहा दिवस, म्हणजे ११ तारीख. त्यावर एक दिवस राखीव, म्हणून १२. मग छापखान्याच्या बाजूनं उलटं तपासलं: बाहेरचे दोन फॉर्म १३ आणि १४ ला, १५ ला सुट्टी, पुढे बांधणी, तरी २० पर्यंत प्रती तयार. म्हणजे १२ चालते. चालली नसती तर ती तारीख मी दिलीच नसती.

रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी निरोप पाठवला. मंडळाचे सचिव निवृत्त मुख्याध्यापक आहेत:

‘नमस्कार सर. सोमवारपासून ताप होता, आज डेंग्यूचा रिपोर्ट आला. त्यामुळे ४ ऑगस्टला पूर्ण स्मरणिका देता येणार नाही, माफ करा. पानं १७ ते ४८ पूर्ण झाली आहेत, त्यांची छपाईची पीडीएफ सोबत पाठवतोय. छापखान्याशी बोललोय, मधले दोन फॉर्म ते लगेच घेतील. उरलेली बत्तीस पानं मंगळवार, १२ ऑगस्टला संध्याकाळी पाचपर्यंत देतो. प्रती २२ च्या आत मिळतील. तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात: एकूण पानं ६४ च राहू देत, आणि उरलेल्या जाहिराती ६ तारखेपर्यंत द्या. ही तारीख जमणार नसेल तर उद्या दुपारपर्यंत सांगा, काम दुसऱ्याकडे सोपवायची सोय करतो.’

अर्ध्या तासात उत्तर आलं: ‘बरें केलें वेळार सांगलें.’

निरोपातल्या बाकीच्या गोष्टी किरकोळ आहेत. व्हॉट्सॲप की ईमेल, जिथे रोज बोलता तिथे. आजाराचं नाव एकदा, माफी एकदा. प्लेटलेटचे आकडे आणि रिपोर्टचा फोटो पाठवू नका. त्यानं समोरचा संकोचतो आणि तारखेबद्दल विचारायचं ते विचारत नाही. फाइल मात्र त्याच निरोपासोबत जायला हवी. ‘उद्या अर्धी पाठवतो’ म्हटलंत तर एकाऐवजी दोन तारखा पाळाव्या लागतील, तेही तापात.

अर्धवट काम द्यायची वेळ एकदाच येते: आजार लांबणार हे दिसतं आणि काम दुसऱ्यानं पुरं करायचं असतं तेव्हा. मग ग्राहकाला पीडीएफ पाठवून उपयोग नाही, नव्या मांडणीकाराला खुली फाइल द्या. सोबत फोटोंचा मूळ संच आणि वापरलेल्या फॉन्टची नावं द्या. मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल आणि त्याच्याकडे तो फॉन्ट नसेल, तर फाइल उघडल्यावर मराठीच्या जागी नुसती अगम्य चिन्हं दिसतात. आणि एका कागदावर पानाच्या आकड्यासह लिहा, कुठे काय उरलंय: पान ९, फोटो बदलायचा, पान ५३, जाहिरातीचा फोन नंबर तपासायचा, पान ६०, देणगीदारांची शेवटची यादी सरांकडून यायची आहे.